दोन ग्रॅम पाण्याचा हिशेब

प्रयोगशाळेच्या रॅकवरची सल्फ्युरिक ॲसिडची अडीच लिटरची बाटली पहिल्यांदा उचलताना विद्यार्थी हमखास चमकतो. डोळ्यांना ती पाण्याच्या बाटलीएवढीच दिसते, म्हणून हात अडीच किलोच्या तयारीने पुढे जातो. आत असतं साडेचार किलोंहून जास्त वजन, वर काचेचा भार वेगळाच. म्हणून आमच्याकडे नव्या मुलांना पहिली सूचना असते ती एक हात गळ्याला आणि दुसरा तळाला लावण्याची. गंधकाम्लाची घनता मी मुलांना फळ्यावर शिकवण्याआधी तिथेच शिकवतो.

बाटलीच्या लेबलवर कामाचे तीन आकडे छापलेले असतात. शुद्धता ९८ टक्के, घनता दर मिलिलिटरला १.८४ ग्रॅम आणि रेणुवस्तुमान ९८.०८. बारावीच्या ‘द्रावणे’ या धड्यातली गणितं मात्र वेगळ्याच तीन आकड्यांची मागणी करतात: मोलॅरिटी, मोलॅलिटी आणि मोल फ्रॅक्शन. या ॲसिडची उत्तरं अनुक्रमे १८.४, ५०० आणि ०.९ येतात. एकाच बाटलीतल्या एकाच द्रवाला एक माप अठरा म्हणतं, दुसरं पाचशे म्हणतं आणि तिसरं एकाच्याही आत राहतं. मुलांचा पहिला समज असा होतो की कुठेतरी गणित चुकलं. गणित बरोबर असतं. तिन्ही मापं मोजतात तेच ॲसिड, पण प्रत्येक माप ते वेगळ्या गोष्टीशी ताडून पाहतं.

आधी मोल म्हणजे काय ते पाहू. रेणू इतके बारीक असतात की ते एकेक मोजता येत नाहीत, म्हणून रसायनशास्त्राने त्यांचा एक ठरावीक मोठा गठ्ठा ठरवून घेतला. अंडी डझनाने मोजावीत तसे रेणू मोलाने मोजायचे. सल्फ्युरिक ॲसिडचा एक मोल भरतो ९८ ग्रॅम आणि पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम. वजनाला त्या ९८ ने किंवा १८ ने भागलं की आपल्याकडे किती गठ्ठे आहेत ते कळतं.

आता मापं. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात ॲसिडचे किती मोल. मोलॅलिटी म्हणजे एक किलो पाण्यामागे ॲसिडचे किती मोल. इथे मोजायचं ते नुसतं पाणी, द्रावण नव्हे. आणि मोल फ्रॅक्शन म्हणजे पाणी आणि ॲसिड यांचे मिळून जितके मोल होतील, त्यांतला ॲसिडचा वाटा.

गाइडमध्ये या तिन्हींसाठी तीन सूत्रं दिलेली असतात आणि मुलं ती पाठ करतात. मी पाठांतराऐवजी एकच सवय लावतो. कागदावर सर्वांत वर ‘१०० ग्रॅम द्रावण’ असं लिहायचं आणि पुढचं सगळं त्या १०० ग्रॅमवर करायचं. लेबलवरचे टक्के वजनाचे आहेत. त्यामुळे १०० ग्रॅम घेतले की ९८ ग्रॅम ॲसिड आणि २ ग्रॅम पाणी अशी वाटणी लगेच होते, सूत्राची गरजच पडत नाही.

गंधकाम्लाच्या बाबतीत तर एक सुंदर योग जुळून आला आहे. ९८ टक्क्यांच्या ॲसिडमध्ये ९८ ग्रॅम ॲसिड, आणि ९८ ग्रॅम म्हणजे बरोबर एक मोल. शेवटचे ०.०८ बाजूला ठेवले तर तोंडी हिशेब होतो. आपल्या १०० ग्रॅममध्ये ॲसिडचा १ मोल आहे आणि शेजारी पाणी आहे २ ग्रॅम.

मोलॅलिटीपासून सुरुवात करू. २ ग्रॅम पाण्यामागे १ मोल, तर १००० ग्रॅम पाण्यामागे ५०० मोल. संपलं. पुढे मोल फ्रॅक्शन. २ ग्रॅम पाणी भागिले १८ म्हणजे ०.१११ मोल. एकूण झाले १.१११ मोल, त्यात ॲसिडचा १, म्हणून वाटा ०.९. याचा अर्थ दर दहा रेणूंत नऊ ॲसिडचे आणि एक पाण्याचा.

आता आठवून पाहा, घनता कुठे वापरली? आतापर्यंत कुठेच नाही. घनता पहिल्यांदा लागते ती मोलॅरिटीला, कारण तिथे हिशेबात लिटर येतो. वजनाकडून आकारमानाकडे जायला घनतेखेरीज वाट नाही. १०० ग्रॅम भागिले १.८४ म्हणजे ५४.३५ मिलिलिटर. एवढ्या जागेत १ मोल आहे, तर १००० मिलिलिटरमध्ये १८.४ मोल. ज्या गणितात लिटर नाही त्यात घनता दिली असली तरी तिला हात लावायचा नाही. परीक्षेत दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे असं मानणारी मुलं इथेच अडकतात आणि मोलॅलिटीतही १.८४ कुठेतरी घुसडतात.

तपासलेल्या वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसलेलं चुकीचं उत्तर आहे १०. गंमत अशी की ते दोन वेगळ्या चुकांतून येतं. मोलॅरिटी काढताना घनता विसरली, म्हणजे १०० ग्रॅम हेच १०० मिलिलिटर धरले, की १ मोल भागिले ०.१ लिटर असं होऊन १० येतात. मोलॅलिटी काढताना पाण्याऐवजी सगळ्या द्रावणाचं वजन घेतलं, की १ मोल भागिले ०.१ किलो, पुन्हा १०. म्हणून उत्तर १० दिसलं की मी पायऱ्या वाचायच्या आधीच विचारतो, ‘घनता विसरलास की पाणी विसरलास?’ दोन्हीपैकी एक नक्की असतं.

वहीतली ही चूक मार्क घालवते, प्रयोगाच्या टेबलावर ती याहून महागात पडते. समजा एक लिटर १ मोलर द्रावण बनवायचं आहे. त्यासाठी १ मोल ॲसिड हवं आणि ते ५४.३५ मिलिलिटरमध्ये असतं हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणून मोजपात्रात साधारण ५४ मिलिलिटर घ्यायचं. ज्याच्या डोक्यात बाटली १० मोलर आहे तो १०० मिलिलिटर घेईल आणि त्याचं द्रावण १.८४ मोलर होईल. ते टायट्रेशनमध्ये लगेच उघडं पडतं. या ॲसिडच्या एका मोलाला कॉस्टिक सोड्याचे दोन मोल लागतात. १ मोलर ॲसिडच्या १० मिलिलिटरला १ मोलर सोड्याचे २० मिलिलिटर पुरले पाहिजेत. इथे ब्युरेट ३६.८ पर्यंत उतरत जाते. २० च्या जागी ३६.८ आले म्हणजे नेमकी १.८४ पट चूक, आणि हा आकडा घनतेचाच आहे. कोणती गोष्ट विसरली ते चूकच सांगते.

पातळ करताना ॲसिड पाण्यात सोडतात, पाणी ॲसिडमध्ये ओतत नाहीत, यामागेही ही घनताच आहे. जड ॲसिड पाण्यात सोडलं की ते खाली जाताना मिसळत जातं आणि निघालेली उष्णता भरपूर पाण्यात वाटली जाते. उलट केलं तर हलकं पाणी ॲसिडच्या पृष्ठभागावर तरंगतं, दोन द्रव भेटतात त्या पातळ थरात एकदम उकळी फुटते आणि ॲसिड उडतं. पातळ केलेलं ॲसिड थंड झाल्यावरच फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, कारण गरम द्रावण फुगलेलं असतं. ॲसिड ५४ मिलिलिटर म्हणून पाणी ९४६ मिलिलिटर मोजून घालणंही बरोबर नाही. ॲसिड आणि पाणी मिसळल्यावर आकारमानांची सरळ बेरीज होत नाही, एकूण थोडं कमीच भरतं.

आता त्या ५०० कडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. शंभरात दोन ग्रॅम पाणी म्हणजे मूठभर साखरेत चुकून पडलेल्या चार थेंबांसारखं, पण मोलॅलिटीचा भागाकार होतो तो त्याच दोन ग्रॅमने. बाटली ९८ ऐवजी ९९ टक्क्यांची निघाली तर पाणी दोनाचं एक ग्रॅम होतं आणि मोलॅलिटी ५०० वरून हजाराच्या वर जाते. ९६ टक्क्यांची निघाली तर पाणी चार ग्रॅम होतं आणि मोलॅलिटी २४५ वर येते. तीन टक्क्यांच्या फरकाने आकडा चौपट बदलतो. याच फरकाने मोलॅरिटी मात्र १८ पासून १८.६ पर्यंत सरकते, आणि मोल फ्रॅक्शन ०.८२ पासून ०.९५ पर्यंत.

लेबलवर बहुधा एकच टक्का नसतो, ‘९५ ते ९८’ असा पल्ला लिहिलेला असतो. शिवाय हे ॲसिड हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात वारंवार उघडलेली, बूच नीट न लावलेली बाटली महिन्याभराने लेबलएवढी राहत नाही. म्हणजे ‘या ॲसिडची मोलॅलिटी ५००’ हे विधान खरं असतं ते फक्त पाणी नेमकं दोन ग्रॅम असेल तेव्हाच.

एका मापातून दुसऱ्यात थेट जायचं ठरवलं तर हाच नाजूकपणा आणखी बोचतो. परीक्षेत असं गणित येतं: मोलॅरिटी १८.४, घनता १.८४, मोलॅलिटी काढा. रीत अशी. एक लिटर द्रावणाचं वजन १८४० ग्रॅम. त्यात ॲसिड १८.४ गुणिले ९८, म्हणजे १८०३ ग्रॅम. वजाबाकी केली की पाणी ३७ ग्रॅम. १८.४ भागिले ०.०३७, उत्तर ४९७. पाचशेच्या जवळ आहे, कारण आकडे जपून घेतले. आता सवयीने १८.४ ची पूर्णसंख्या करून १८ घ्या. ॲसिड १७६४ ग्रॅम होतं, पाणी ७६ ग्रॅम, आणि मोलॅलिटी २३७. सुरुवातीला आपण दोन टक्क्यांची सूट घेतली आणि शेवटी उत्तर निम्म्याहून कमी झालं. दोन मोठे, जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा केले की उरलेल्या छोट्या आकड्यात दोघांच्याही चुका साठतात. म्हणून टक्के दिलेले असतील तर मोलॅरिटीच्या वाटेने मोलॅलिटीकडे जायचं नाही. टक्क्यांपासून थेट जायचं.

एखादा म्हणेल, मग टक्के घनतेवरूनच ठरवू. हायड्रोमीटर बुडवायचा, घनता वाचायची आणि तक्त्यातून टक्के काढायचे. पातळ ॲसिडसाठी हे उत्तम चालतं. इन्व्हर्टरची बॅटरी तपासणारा कारागीर रोज हेच करतो. रबरी फुग्याने नळीत ॲसिड ओढतो, तरंगणाऱ्या काचेवर आकडा पाहतो आणि ‘बाराशे ऐंशी’ म्हणतो. ती घनता १.२८, आणि तक्त्यात तिच्यासमोर साधारण ३७ टक्के येतात. आपल्या रीतीने १०० ग्रॅम घेऊ. ॲसिड ३७ ग्रॅम म्हणजे ०.३७८ मोल, पाणी ६३ ग्रॅम म्हणजे ३.५ मोल. मोलॅलिटी ६, मोल फ्रॅक्शन जेमतेम ०.१, आणि १०० ग्रॅमला ७८ मिलिलिटर जागा लागते म्हणून मोलॅरिटी ४.८. इथे ६ आणि ४.८ एकमेकांशेजारी आहेत. पाणी भरपूर असतं तेव्हा मोलॅरिटी आणि मोलॅलिटी जवळ राहतात, पाणी संपत जातं तशा त्या एकमेकींपासून दूर पळतात.

बाटलीतल्या तीव्र ॲसिडसमोर मात्र तोच हायड्रोमीटर हात टेकतो. टक्के वाढतील तशी गंधकाम्लाची घनता वाढत जाते, पण शेवटपर्यंत नाही. २० अंश सेल्सिअसला ती ९७-९८ टक्क्यांच्या आसपास १.८३६ या शिखरावर पोचते आणि पुढे उतरू लागते. पूर्ण शुद्ध, १०० टक्के ॲसिडची घनता १.८३०५ असते, आणि ९४ टक्क्यांच्या ॲसिडचीही जवळजवळ तेवढीच. हायड्रोमीटरवर १.८३ दिसलं तर बाटलीत दोन्हीपैकी काहीही असू शकतं. पहिल्याची मोलॅलिटी काढायला पाणीच नाही, म्हणजे शून्याने भागायची वेळ. दुसऱ्याची मोलॅलिटी १६०. या व्यापारात जुनी बोमे अंशांची मोजणी चालायची. तीही सल्फ्युरिक ॲसिडसाठी ६६ अंशांपाशी, म्हणजे सुमारे ९३ टक्क्यांपाशी थांबते. त्यापुढे ॲसिड टक्क्यांनीच विकलं जातं, कारण तिथून पुढे घनता काही सांगेनाशी होते.

मग खरी शुद्धता कळणार कशी? वजन करून आणि टायट्रेशन करून. समजा बाटलीतलं ४.९ ग्रॅम ॲसिड काट्यावर तोलून, पाण्यात सावकाश सोडून, थंड झाल्यावर त्याचं एक लिटर द्रावण केलं. त्यातले २५ मिलिलिटर घेऊन ०.१ मोलर कॉस्टिक सोड्याशी टायट्रेशन केलं. ॲसिड ९८ टक्के असेल तर ब्युरेट २४.५ वर थांबते, ९६ टक्के असेल तर २४.० वर. सोड्याची मोलॅरिटी आधी ऑक्झॅलिक ॲसिडने पक्की करून घेतलेली हवी, कारण सोडाही हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. दोन टक्क्यांचा फरक अर्ध्या मिलिलिटरमध्ये दिसतो, म्हणजे काम नीटनेटकं हवं. वाचताना ब्युरेटवरची एक बारीक रेघ, ०.१ मिलिलिटर, इकडची तिकडे झाली तर टक्क्यांत ०.४ चा फरक पडतो. शुद्धता ९७.६ ते ९८.४ यांमध्ये कुठेही असू शकते, आणि मोलॅलिटी ४१५ पासून ६२५ पर्यंत. एवढं जपून केलेल्या टायट्रेशननंतरही ती पक्की हाती येत नाही.

मग मोलॅलिटी हे वाईट माप का? नाही. तिचा मोठा गुण असा की तिच्यात लिटर नसल्यामुळे तापमानाचा तिला धक्का बसत नाही. हेच ॲसिड २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की फुगतं, घनता १.८३६ वरून १.८१६ होते आणि मोलॅरिटी १८.४ वरून १८.२ वर येते. विदर्भातल्या मे महिन्यात तयार केलेलं आणि डिसेंबरात वापरलेलं द्रावण मोलॅरिटीने किंचित वेगळं, मोलॅलिटीने तेच. पाण्याचा उत्कलनबिंदू किती वाढला, गोठणबिंदू किती उतरला, हे हिशेब म्हणूनच मोलॅलिटीत करतात. पण त्या हिशेबांत पाणी पुष्कळ आणि विरघळलेला पदार्थ थोडा असतो. मोलॅलिटी जन्मली ती पाणी यजमान आणि बाकीचे पाहुणे या व्यवस्थेत. ९८ टक्क्यांच्या बाटलीत पाहुण्यांनी सगळं घर भरून टाकलेलं असतं आणि यजमान कोपऱ्यात उभा असतो. तिथे ‘एक किलो पाण्यामागे’ म्हणणं व्याख्येला धरून असलं तरी चित्राला धरून नाही.

चित्र दाखवतं ते मोल फ्रॅक्शन. दहात नऊ रेणू ॲसिडचे, एक पाण्याचा. ॲसिडचा रेणू आपला हायड्रोजन सोडतो तो बहुतेक करून पाण्याला देतो. इथे नऊ देणारे आणि घेणारा एकच. म्हणून तीव्र गंधकाम्लातले बहुतेक रेणू न फुटता तसेच राहतात, आणि पाण्यासाठी ते इतके हपापलेले असतात की साखरेतून, कागदातून, कातडीतूनही ते पाणी ओढून काढतात. साध्या पोलादाच्या टँकरमधून ९८ टक्के ॲसिड नेता येतं, पातळ ॲसिड नेता येत नाही, यातला एक धागा इथे सापडतो. तीव्र ॲसिडमध्ये पोलादावर लोहाच्या सल्फेटचा थर बसून टिकतो. पाणी वाढलं की तो थर टिकत नाही आणि ॲसिड लोखंड खायला लागतं. टँकर धुताना आत पाणी राहिलं तर भिंतीशी पातळ ॲसिड तयार होतं, आणि धोका तिथून सुरू होतो.

तेव्हा मोजपात्राने मोजून ओतायचं असेल तर मोलॅरिटी, तापमान बदलणार असेल आणि पाणी भरपूर असेल तर मोलॅलिटी, कोणाच्या शेजारी कोण आहे ते पाहायचं असेल तर मोल फ्रॅक्शन. उत्तर तपासायला एक सोपी कसोटी आहे. मोलॅलिटीला एक लिटर द्रावणातल्या पाण्याच्या किलोंनी गुणलं की मोलॅरिटी परत आली पाहिजे. आपल्या लिटरभर ॲसिडचं वजन १.८४ किलो, त्याचे दोन टक्के पाणी ०.०३६८ किलो. ५०० गुणिले ०.०३६८ म्हणजे १८.४. जुळलं.

वर्षाच्या शेवटी तीच मुलं रॅकवरची ती बाटली उचलतात तेव्हा हात चमकत नाही. मोजपात्रात ५४ मिलिलिटर येईपर्यंत तेलासारखा जड द्रव सावकाश उतरत राहतो आणि आपण बरोबर एक मोल ओततो आहोत हे त्यांना ठाऊक असतं. त्यात दोन ग्रॅम पाणीही आहे हे आता त्यांना सांगावं लागत नाही.